शील पाळा, सोबत सोडू नका

पगार झाला की वाशीमच्या ढाब्यावर ओली पार्टी ठरते. आपला माणूस कधी "पोट दुखतं", कधी "पाहुणे आलेत" म्हणून सटकतो. तिसऱ्या वेळी सोबती म्हणतात, "हा आपल्याला टाळतो." पाचवे शील राखताना खोटे बोलून चौथे मोडले!

पहिल्याच वेळी सांगा, "दादा, १९५६ साली बाबासाहेबांनी नागपुरात दिलेल्या २२ प्रतिज्ञांत दारू न पिण्याचीही आहे. ती मी पाळतो. तुमच्यावर राग नाही." उपदेश मात्र करू नका. दुसऱ्या दिवशी सुट्टीत चहा तुम्हीच पाजा. दिवसाची सहल निघाली तर जा, जेवणाची वर्गणी द्या, बाटलीची नको. बुद्ध पौर्णिमेला त्यांना खीर खायला घरी बोलवा. जयभीम!