लोणच्यातला गहू लेबलवर हवा



जळगाव-धुळ्यातील बचत गटांच्या कैरीच्या लोणच्यावर घटकांची यादी नको, कारण त्यात काय असते ते सगळ्यांना ठाऊक असते, हे एका पत्रलेखकाचे मत पटत नाही. लोणच्यात घालतात त्या बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा मैदा किंवा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. ग्लुटेन न चालणाऱ्याला ते चवीवरून ओळखता येत नाही. म्हणून नुसते ‘हिंग’ न लिहिता ‘यात गहू आहे’ असे स्पष्ट लिहावे. घाण्याच्या शेंगदाणा तेलातही प्रथिनांचे अंश राहतात, तेही नोंदवावे. लोणचे वर्षभर टिकते हे खरे, पण फोडी तेलाखाली बुडालेल्या असेपर्यंतच. ओला चमचा गेला की बुरशी धरते. तेव्हा तयार केल्याची तारीख आणि ‘कोरडा चमचा वापरा’ ही सूचनाही हवी. लहान बरणीवरही एवढे सहज मावते.

– एक वाचक, धुळे