मॅचची रात्र, खर्ड्याचं दही आणि घड्याळ

मॅच बघायला मित्र घरी येणार म्हटलं की डॉक्टरांनी "तळलेलं टाळा" एवढंच सांगायचं, अशी बहुतेकांची समजूत असते. एका रात्रीच्या चार भज्यांवर माझा फारसा राग नाही. मला काळजी वाटते ती टीपॉयवर चार-चार तास तसंच पडून राहणाऱ्या खाण्याची.

२९ जून २०२४ची टी-२० विश्वचषकाची फायनल आठवा. सामना बार्बाडोसला होता, आपल्याकडे तो रात्री आठला सुरू झाला आणि आपण सात धावांनी जिंकलो तेव्हा साडेअकरा होत आले होते. मंडळी साडेसातला जमली असतील, तर पहिल्या षटकाआधी मांडलेली चटणी शेवटच्या षटकापर्यंत चार तास बाहेर राहिली. तेवढ्या वेळात आठ माणसांचे हात त्याच वाटीत गेले. आपल्या नाकात, कातडीवर आणि बोटाच्या चिरेत स्टॅफिलोकोकस नावाचे जंतू असतात. ओलसर, कमी आंबट पदार्थात ते वाढतात आणि विष तयार करतात. पदार्थ पुन्हा गरम केला तर जंतू मरतात, विष मात्र तसंच राहतं. त्यामुळे "एक उकळी आणली, आता चालेल" हे इथे लागू पडत नाही. गगनबावड्याच्या पावसात रात्री गारवा असतो म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण त्या गारव्यात जंतूंची वाढ मंदावते, थांबत नाही. त्यातच वीज गेली की फ्रिजचाही भरवसा उरत नाही.

म्हणून माझं मत असं, की ओल्या खोबऱ्याची चटणी मॅचच्या रात्री करूच नये. त्याऐवजी अर्धा किलो दही फडक्यात बांधून फ्रिजमध्ये तीन-चार तास निथळत ठेवावं. त्या चक्क्यात दोन चमचे खर्डा आणि चवीपुरतं मीठ घातलं की आठ जणांना पुरतं. दह्याच्या आंबटपणामुळे जंतूंना वाढणं अवघड जातं. तरीही ते दोन वाट्यांत वाटावं. एक वाटी सुरुवातीला बाहेर काढायची, दुसरी फ्रिजमध्येच ठेवायची. डाव संपला, जाहिराती लागल्या, की पहिली उचलून दुसरी मांडायची. जुन्या वाटीत नवीन ओतायचं नाही, नाहीतर वेगळी ठेवण्याचा उपयोगच काय? टी-२०चा एक डाव साधारण दीड-पावणेदोन तासांचा असतो आणि शिजवलेलं किंवा ओलं अन्न बाहेर ठेवायची मर्यादा दोन तासांची. क्रिकेटच्या नियमांनी डॉक्टरांचं काम सोपं केलंय!

काकडी, गाजर, मुळा आधीच नीट धुऊन ठेवा, पण चिरा माणसं आल्यावर. मीठ वरून भुरभुरू नका. पाणी सुटून फोडी लिबलिबीत होतात, आणि बीपीवाल्यांच्या पोटात नको तेवढं मीठ जातं ते वेगळंच.

भाजण्यात दोन गोष्टी चुकतात. चिकनचे तुकडे ज्या दही-मसाल्यात मुरवले, तोच उरलेला मसाला भाजून झालेल्या तुकड्यांवर ब्रशने फासला जातो. म्हणजे कच्च्या मांसातले जंतू शिजलेल्यावर परत. वरून लावायचा मसाला आधीच वेगळा काढा, आणि भाजलेलं चिकन कच्च्याच्या ताटलीत ठेवू नका. वरचे काळे डाग बघून शिजलं असं समजू नये. सगळ्यात जाड तुकडा मधोमध कापून बघा, आत गुलाबी दिसता कामा नये. थर्मामीटर असेल तर आत ७५ अंश सेल्सियस यायला हवं.

दुसरी चूक जास्त गंभीर आहे. बाहेर पाऊस म्हणून कोळशाची शेगडी घरात येते आणि पाणी आत येऊ नये म्हणून दारं-खिडक्या बंद होतात. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. थोड्या वेळाने तिघा-चौघांचं डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं. सगळे म्हणतात, "चिकन बाधलं." त्यात एखाद्याने दोन पेग घेतले असतील तर त्याच्या झोपेकडे कुणी लक्षच देत नाही. शेगडी पडवीत ठेवा, नाहीतर सरळ गॅसवर तवा ठेवून भाजा. चव थोडी कमी येईल, येऊ दे.

हे दोन्ही वेगळं ओळखता येतं. स्टॅफिलोकोकसच्या विषाने खाल्ल्यानंतर एक ते सहा तासांत जोरात उलट्या होतात, पोटात मुरडा येतो, बऱ्याचदा जुलाबही होतात, ताप सहसा नसतो. कोळशाच्या वायूत डोकेदुखी आणि गरगर पुढे असते, ज्यांनी काहीच खाल्लेलं नाही त्यांनाही त्रास होतो आणि बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर बरं वाटू लागतं. अशा वेळी आधी सगळ्यांना बाहेर काढा, आणि कुणी सुस्तावलं किंवा असंबद्ध बोलत असेल तर सकाळची वाट न बघता १०८ला फोन करा. नुसत्या उलट्या असतील तर ओआरएस घोट-घोट द्या. सहा-आठ तास लघवी झाली नाही, उलटीत रक्त दिसलं, किंवा पेशंट वयस्कर अथवा मधुमेही असेल, तर रात्रीच दवाखाना गाठा.