'ऑनलाइन व्हा' म्हणणाऱ्यांनी आधी एक कॅरेट टोमॅटो विकून दाखवावं

स्टँडसमोरच्या रस्त्यावरून भाजीवाल्यांना उठवायचं ठरतंय, हे आता गावात सगळ्यांना माहीत झालंय. त्या दिवशीच्या बैठकीला मी बातमीसाठी बसलो होतो. भाजीवाल्या बायकांनी विचारलं, "साहेब, मग आम्ही बसायचं कुठं?" त्यावर उत्तर आलं, "जग कुठं चाललंय बघा. ॲपवर जा, ऑनलाइन व्हा. घरबसल्या विका."

सभागृहात दोघातिघांनी माना डोलावल्या. मीही तेव्हा गप्पच बसलो, कारण त्या उत्तरात नेमकं काय चुकलंय ते मला लगेच सांगता आलं नसतं. म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता एका मावशींबरोबर सौद्याला गेलो आणि रात्री साडेनऊला त्यांनी पोतं झटकेपर्यंत वही घेऊन शेजारी बसलो. मावशी गेली बावीस वर्षं त्याच जागी बसतात. नाव लिहीत नाही, उद्या त्यांच्याच पाटीवर पहिली गाडी यायला नको.

सगळा हिशोब इथे देत नाही. फक्त एक कॅरेट टोमॅटो घेऊ.

वीस किलोचं कॅरेट सौद्यात 300 रुपयांना पडलं. आडत, हमाली आणि रिक्षातला तिचा वाटा मिळून 30. म्हणजे रस्त्यावर येईपर्यंत 330 रुपये. कॅरेटमधला माल एकसारखा कधीच नसतो. मावशींनी गोणपाटावर ओतून हातानंच तीन ढीग केले. नऊ किलो कडक, लालबुंद. सहा किलो मध्यम, थोडा लहान किंवा एका बाजूनं हिरवट. चार किलो मऊ, चिरा गेलेला. उरलेला एक किलो सरळ गाईला.

पहिला ढीग दुपारपर्यंत तीस रुपये किलोनं गेला, 270 आले. दुसरा ढीग वीसनं, 120. तिसरा संध्याकाळी खानावळवाल्यानं दहानं उचलला, त्याचे 40. एकूण 430. खर्च वजा जाता शंभर रुपये सुटले. कष्टाच्या मानानं फार नाहीत, पण रोख आहेत आणि त्याच रात्री हातात आहेत.

आता हेच कॅरेट ॲपवर न्या. गावात गेल्या वर्षी एक ॲपवाले आले होते, त्यांच्या माणसानं मला समजावून सांगितलेली पद्धत अशी: विक्रेत्यानं फोटो टाकायचा, दर टाकायचा, विक्रीवर पंधरा टक्के कमिशन द्यायचं आणि त्या कमिशनवर अठरा टक्के जीएसटी. पैसे आठवड्यातून एकदा खात्यात.

ॲपवर फक्त पहिला ढीग चालतो. फोटोत दिसतो तसाच टोमॅटो पिशवीत निघाला पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईक तक्रार टाकतं. म्हणजे विकायला आले नऊ किलो. तीस रुपयांनी 270. त्यातून कमिशन आणि त्यावरचा कर मिळून 48 गेले. मोठा व्यापारी हा भरलेला कर पुढे वळता करून घेतो. ताज्या भाजीवर जीएसटीच नाही, त्यामुळे मावशींना तो वळता होत नाही, तो गेला तो गेलाच. नऊ पिशव्या आणि चिकटपट्टीचे 14. आणि नवातली एक पिशवी परत आली असं धरू, कारण पोरगा दुचाकीवरून खड्ड्यातून टोमॅटो नेणार आणि खालचा चेंबणार. त्याचे 30 कापले. हातात राहिले 178.

उरलेले अकरा किलो कुठं जाणार? ॲपवर 'थोडा मऊ, आमटीला चालेल' असा रकाना नाही. रस्त्यावरची जागा गेली असेल, तर तेही गाईला. 330 घालून 178 आले, म्हणजे 152 रुपयांचा तोटा. समजा जागाही राहिली आणि ॲपही चालवलं, पहिला ढीग ॲपवर आणि बाकीचा पाटीवर. मग 178 अधिक 160, म्हणजे 338. दिवसभर राबून सुटले आठ रुपये. शंभराचे आठ!

कुणी म्हणेल, दर वाढवा. मीही तेच म्हणालो. गुणाकार केला, तर पहिल्या ढिगातून आधीइतकेच पैसे हातात यायला मावशींना ॲपवर किलोला चव्वेचाळीस रुपये लिहावे लागतात. मोबाईलवर त्याच टोमॅटोच्या शेजारी मोठ्या कंपनीचा टोमॅटो अठ्ठावीसला दिसत असेल, कारण तिला आज टोमॅटोत तोटा सोसून उद्या तुम्हाला साबण आणि तेल विकायचं असतं. मावशींकडे तोटा भरून काढायला दुसरं काय आहे?

मुद्दा इथे येतो. रस्त्यावरचा भाजीवाला भाजी विकतो हे अर्धंच खरं. त्याचा खरा धंदा म्हणजे मिसळ माल निवडून, प्रत्येक ढिगाला त्याचं गिऱ्हाईक शोधणं आणि घड्याळाबरोबर दर उतरवत नेणं. मास्तरीणबाई सकाळी कडक टोमॅटो नेतात. बांधकामावरची बाई सातला येते आणि मऊ टोमॅटो दहानं नेते. सकाळची पंधराची मेथी रात्री आठला दोन जुड्या पंधराला जाते. हा उतरता दर म्हणजे दया नव्हे, तो हिशोब आहे. पालेभाजी सकाळपर्यंत टिकत नाही. आणि गरिबाच्या घरात रोज संध्याकाळी भाजी शिजते ती याच हिशोबामुळे. पाटी उठली तर मावशींचा धंदा जाईलच, पण त्या बांधकामावरच्या बाईची भाजीही जाईल. तिच्या दारात दहा रुपयांचा टोमॅटो घेऊन कुठलं ॲप येणार आहे?

दुसरा मुद्दा भांडवलाचा. मावशींचा सगळा माल मिळून रोजचा साधारण 1,900 रुपयांचा. आज रात्री जे येतं तेच उद्या पहाटे सौद्यात जातं. तेच पैसे रोज फिरतात. पैसे आठवड्यानं मिळणार असतील, तर सौदा रोज करण्यासाठी सात दिवसांचा माल स्वतःच्या खिशातून भरावा लागेल, म्हणजे 13,300 रुपये. पीएम स्वनिधी योजनेत पथविक्रेत्याला मिळणारं पहिलं कर्ज आता 15,000 आहे. म्हणजे सरकारनं धंद्यासाठी दिलेलं जवळजवळ सगळं कर्ज ॲपवाल्याच्या खात्यात अडकून राहणार आणि हप्ता मावशी भरणार. नाहीतर आहेच मग रोजच्या हजारामागं शंभर कापून घेणारा सावकार.

मी ॲपच्या विरुद्ध नाही, हे स्पष्ट लिहितो. ज्यांच्याकडे प्रतवारीला जागा आहे, माल थंड ठेवायची सोय आहे, दुय्यम माल केचपवाल्याला द्यायचा रस्ता आहे, अशा शेतकरी कंपनीला ते परवडेल. रोज दोनशे किलो एका आकाराचा टोमॅटो देणाऱ्याचं गणित वेगळं असतं. वीस किलोवालीला ते लागू करू नका, एवढंच.

आणि मावशी काही मोबाईलला घाबरतात असंही नाही. पाटीवर क्यूआर कोड लावलाय, अर्धे पैसे यूपीआयनंच येतात. त्यांच्या सुनेनं तर कॉलनीतल्या अठरा घरांचा व्हॉट्सॲप ग्रुप केलाय. रात्री नऊपर्यंत बायका मागणी लिहितात, मावशी पहाटे तेवढा माल जास्त घेतात आणि सून शाळेत पोराला सोडताना साडेनऊच्या आत पिशव्या पोहोचवते. कमिशन नाही, पैसे लगेच, आणि एखादा टोमॅटो खराब निघाला तर दुसऱ्या दिवशी दोन जास्त. मी विचारलं, मग सगळंच असं का करत नाही? मावशी म्हणाल्या, "दादा, अठरा घरांना चांगला माल जातो. उरलेला मी डोक्यावर घेऊन बसू का? पाटी हाय म्हणून ग्रुप चालतोय."

एवढ्या एका वाक्यात त्या बैठकीचं उत्तर आहे. फोन पाटीला जोड देऊ शकतो. पाटीची जागा घेऊ शकत नाही.

आता कायद्याचं. रस्ता कुणाच्या बापाचा नाही, हे वाक्य कमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच लिहितो. 2014 सालचा पथविक्रेत्यांचा केंद्रीय कायदा आहे. तो सांगतो की सगळ्या पथविक्रेत्यांचं सर्वेक्षण होऊन त्यांना विक्री प्रमाणपत्र मिळेपर्यंत कुणालाही उठवता येत नाही. त्यानंतर हलवायचं झालं तरी तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. माल जप्त केला तर त्याची यादी द्यावी लागते, आणि भाजीसारखा नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच परत करावा लागतो. आपल्याकडे गेल्या पावसाळ्यात गाडीत भरून नेलेली मेथी तिसऱ्या दिवशी परत मिळाली होती, ती काय अवस्थेत होती हे ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको.

त्याच कायद्यात नगर पथविक्रेता समिती सांगितली आहे. तिच्यात किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी स्वतःतून निवडून दिलेले आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका असायला हव्यात. कुठं बसायचं, कुठं नाही, याचा निर्णय त्या समितीत बोलून व्हायला हवा. त्या दिवशी सभागृहात बायका खाली सतरंजीवर बसल्या होत्या आणि निर्णय खुर्च्यांवर होत होता.

वाहतुकीचा त्रास खरा आहे. ॲम्ब्युलन्स अडकते, ते मीही पाहिलंय. पण त्या रस्त्यावर भाजीच्या पाट्यांपेक्षा जास्त जागा दुकानांसमोर लावलेल्या चारचाकी खातात. त्यांना कुणी 'ऑनलाइन व्हा' म्हणत नाही.

म्हणून माझे तीन प्रश्न, उत्तर लेखी मिळालं तर इथेच छापीन. आपल्या गावात पथविक्रेत्यांचं सर्वेक्षण कधी झालं आणि प्रमाणपत्रं किती वाटली? समितीत निवडून आलेले विक्रेते कोण? आणि जुन्या दवाखान्याची मोकळी जागा, जिथून स्टँड दोन मिनिटांवर आहे, ती संध्याकाळी चार ते नऊ या पाट्यांना का देता येत नाही?

हिशोबात कुठं चूक असेल तर जरूर दाखवा, दुरुस्त करीन. मात्र आकडे मांडून दाखवा. आणि ज्यांना अजूनही वाटतं की ॲपवर सहज जमतं, त्यांच्यासाठी उद्या पहाटे पाचला मी सौद्याच्या दारात उभा आहे. एक कॅरेट माझ्या पैशानं घेऊन देतो. संध्याकाळी किती उरलं ते सांगायला या.