फुलीचा अर्थ कोणी ठरवायचा?

३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने आगामी जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हापासून वस्त्यावस्त्यांत आपले कार्यकर्ते स्वतःची प्रश्नावली घेऊन फिरू लागले तर त्यात नवल नाही. सरकारी आकड्याशी ताडून पाहायला आपल्याजवळ आपला आकडा हवा, हा विचार योग्यच आहे. परंतु घराघरातून भरून आलेले कागद वाचायचे कसे, याचा विचार फारसा होत नाही. आमच्या मते आकडा बिघडतो तो इथेच.

प्रश्नावलीत 'योग्य उत्तरावर खूण करा' एवढेच छापलेले असते. मग कोणी बरोबरची खूण करतो, कोणी उत्तराला गोल करतो, कोणी चौकटीत फुली मारतो. यातली फुली सर्वांत फसवी आहे. एकाच्या हातात फुली म्हणजे 'हे माझे उत्तर', तर दुसऱ्याच्या हातात 'हे नव्हे'. म्हणून एकच ओळ पाहून निर्णय देऊ नये. आधी सबंध कागद वाचावा आणि या माणसाची खुणांची रीत काय आहे ते शोधावे.

समजा, धर्माच्या रकान्यात 'हिंदू' वर फुली आहे आणि 'बौद्ध' वर बरोबरची खूण आहे. त्याच कागदावर पाण्याच्या प्रश्नाला 'सार्वजनिक नळ' वर बरोबरची खूण आणि 'विहीर', 'टँकर' या दोन्हींवर फुल्या आहेत. म्हणजे या हाताची फुली नकाराची आहे. उत्तर बौद्ध, यात शंका नाही. 'हिंदू' वरची खूण रेघा मारून खोडली असेल आणि 'बौद्ध' ला गोल केला असेल, तरीही उत्तर स्पष्टच आहे. खोडलेले ते रद्द आणि न खोडलेले ते अंतिम.

आता दुसरा कागद घ्या. यात सगळ्या प्रश्नांना एकेकच फुली आहे, म्हणजे इथे फुली होकाराची. पण धर्माच्या रकान्यात 'हिंदू' आणि 'बौद्ध' दोन्हींवर फुली आहे, खाडाखोड कुठेच नाही. खाली जातीच्या रकान्यात 'महार' लिहिले आहे. इथे आपल्या कार्यकर्त्याचा हात शिवशिवतो. महार आहे, म्हणजे बौद्धच, असे म्हणून तो मोकळा होतो. हे साफ चूक आहे. अनुसूचित जातीचा माणूस कायद्याने हिंदू, शीख किंवा बौद्ध असू शकतो. जातीवरून धर्म सिद्ध होत नाही. आपल्या माणसाला न विचारता 'हिंदू' लिहून मोकळ्या होणाऱ्या प्रगणकावर आपण संतापतो. मग न विचारता 'बौद्ध' लिहिणारे आपण त्याच्याहून वेगळे कसे?

शिवाय या रकान्यातली दुहेरी खूण नेहमीच हात घसरल्यामुळे झालेली नसते. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता; १९५६ मध्ये तो शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. त्या काळातली 'बौद्ध लिहिले तर सवलत जाईल' ही भीती काही घरांत अजून जिवंत आहे. तेव्हा त्या दोन फुल्यांत एक प्रश्न दडलेला असू शकतो. अशा कागदाची नोंद 'दोन उत्तरे' अशीच करावी, कोरा रकाना 'उत्तर नाही' म्हणून वेगळा ठेवावा, आणि कार्यकर्त्याने त्या घरी परत जाऊन विचारावे. परत जाणे शक्य नसेल तर नोंद तशीच राहू द्यावी आणि अहवालात अशा कागदांची संख्या छापावी. ती लपवून मोठा झालेला आकडा पहिल्याच तपासणीत कोसळतो.

दोन पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. प्रत्येक कागद दोघांनी एकमेकांना न विचारता वाचावा. दोघांचे वाचन जुळले नाही तर तो कागद तिसऱ्याकडे जावा. आणि मूळ कागदावर आपल्या पेनाचा एक ठिपकाही पडू नये, निर्णय वेगळ्या तक्त्यात लिहावा. चंडीगडच्या महापौर निवडणुकीत ३० जानेवारी २०२४ रोजी निवडणूक अधिकाऱ्यानेच आठ मतपत्रिकांवर खुणा केल्या आणि त्याच खुणांवरून त्या बाद ठरवल्या. २० फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने त्या आठही मतपत्रिका वैध ठरवल्या आणि निकाल फिरला. मतदाराची खूण आणि अधिकाऱ्याची खूण वेगळी ओळखता आली, म्हणूनच हे शक्य झाले.

निवडणूक नियमही हेच सांगतो की खूण अस्पष्ट असली किंवा एकापेक्षा अधिक वेळा केलेली असली, तरी मतदाराचा हेतू स्पष्ट दिसत असेल तर केवळ तेवढ्यावरून मत बाद करू नये. हेतू शोधायचा तो खूण करणाराचा. वाचणाराच्या इच्छेला तिथे जागा नाही. आपल्या माणसाने कागदावर जे सांगितले तेच मोजा, आणि जे सांगितले नाही ते त्याला जाऊन विचारा.