‘अनफिट’ शेऱ्याने नोकरी संपत नाही

‘दीर्घ आजारानंतर डॉक्टरांनी अनफिट लिहिले की नोकरी गेली’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे विधान अर्धेच खरे आहे.

कुणाल सिंग या जवानाच्या पायाला कामावर दुखापत झाली, गँगरीनमुळे पाय कापावा लागला आणि 1998 मध्ये त्यांना अपात्र ठरवून घरी पाठवले. उच्च न्यायालयात ते हरले. 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र पर्यायी काम देणे बंधनकारक ठरवले. अपंगत्व निवृत्तिवेतन मिळते म्हणून ही जबाबदारी टळत नाही, असेही सांगितले.

आज 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम 20(4) तेच सांगते. नोकरीत असताना दिव्यांगत्व आले तर आधी त्याच पगारावर झेपेल असे दुसरे काम द्यायचे. तसे नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पद निर्माण करायचे.

मात्र हे कलम सरकारी आस्थापनांपुरते आहे. ते आमच्या शेजारच्या अणुवीज केंद्राला लागू, बोईसर एमआयडीसीतल्या खासगी कारखान्याला नाही. पत्रलेखकाचे म्हणणे खरे ठरते ते इथे.

सरकारी आस्थापनेतल्यांना एवढेच सांगणे: दिव्यांगत्वाचा दाखला हाती येईपर्यंत ‘स्वेच्छानिवृत्ती’च्या कागदावर सही करू नका.

— एक वाचक, नवापूर (ता. पालघर)