त्या ६० एफपीएस क्लिपा पाठवणं थांबवा

आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी कुणीतरी ती क्लिप टाकतंच. ॲनिमेमधली एखादी मारामारी, वर '४के, ६० एफपीएस' अशी पट्टी, आणि खाली "बघा, आता कसं लोण्यासारखं चालतंय!" असं कौतुक. मूळ ॲनिमेशन सेकंदाला १२ किंवा ८ चित्रांचं होतं, म्हणजे आळशी लोकांनी अर्धवट सोडलेलं काम आपल्या सॉफ्टवेअरने पुरं केलं, असा एकूण आविर्भाव. मी स्वतः डेव्हलपर आहे आणि रात्री टॅबलेटवर फ्रेमामागून फ्रेम चित्रं काढत बसतो. म्हणून सांगतो, काम पुरं झालेलं नाही. झालेलं काम बिघडवलंय.

आधी हिशेब बघू. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम दाखवतो. प्रत्येक फ्रेमला नवं चित्र काढलं तर त्याला 'ऑन वन्स' म्हणतात. एक चित्र दोन फ्रेम ठेवलं तर 'ऑन टूज', म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. तीन फ्रेम ठेवलं तर 'ऑन थ्रीज', म्हणजे ८. एखादं चित्र त्याहून जास्त वेळ तसंच ठेवलं तर तो 'होल्ड'. यात मेहनत वाचते हे उघड आहे आणि ते लपवायचं काही कारण नाही. १ जानेवारी १९६३ रोजी ओसामू तेझुका यांची 'ॲस्ट्रो बॉय' ही मालिका जपानी टीव्हीवर सुरू झाली. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग द्यायचा, तोही तुटपुंज्या पैशात, म्हणून थ्रीज, लांब होल्ड आणि एकदा काढलेली चित्रं पुन्हा वापरणं हे सगळं तिथे सर्रास झालं.

पण काटकसरीतून आलेली गोष्ट कायम कमअस्सलच असते, हे कुणी ठरवलं? वाचलेल्या चित्रांचं पुढे काय होतं, मुद्दा तिथे आहे.

माझाच एक सराव सांगतो. एक मुलगा दगडावर नारळ आपटतो. वेळ बरोबर एक सेकंद, चित्रं ८. पहिल्यात नारळ कमरेशी, दुसऱ्या-तिसऱ्यात हात वर जाताहेत, चौथ्यात नारळ डोक्यामागे. पाचव्यात हात आणि नारळ खालच्या दिशेने फासल्यासारखे लांबलचक ताणलेले, याला 'स्मिअर' म्हणतात. सहाव्यात आपटणं, सातव्यात उसळी, आठव्यात मुलगा स्थिरावतो.

पहिल्यांदा मी प्रत्येक चित्राला सारख्या तीन-तीन फ्रेम दिल्या. परिणाम मेलेला. ताणलेला हात सेकंदाचा आठवा भाग पडद्यावर राहिला. तेवढ्यात डोळ्याला तो वेग न दिसता हाताचं हाड मोडल्यासारखं दिसतं. आपटण्यातही जोर नव्हता.

मग एकही नवं चित्र न काढता फक्त वेळ बदलला. पहिलं चित्र ६ फ्रेम, दुसरं-तिसरं ३-३, डोक्यामागचं चौथं ४. स्मिअर फक्त १. आपटणं २, उसळी २, शेवटचं ३. बेरीज पुन्हा २४. आता मुलगा दम धरून थांबतो, आणि नारळ कधी खाली आला ते कळायच्या आत फुटतो. चित्रं तीच ८, मेहनत तेवढीच. जिवंतपणा चित्रांच्या संख्येत नव्हता, कोणतं चित्र किती वेळ थांबतं यात होता.

आता ही क्लिप ६० एफपीएस करू. ज्यांना घरी करून पाहायचंय त्यांच्यासाठी:

```
ffmpeg -i naral.mp4 -vf minterpolate=fps=60 naral60.mp4
```

सॉफ्टवेअर लागोपाठच्या दोन फ्रेम बघतं आणि मधलं काय असेल याचा अंदाज बांधून नव्या फ्रेम भरतं. होल्डमधल्या दोन सारख्या फ्रेमांच्या मध्ये भरायला काहीच नसतं. त्यामुळे चित्र थांबतं, मग एकदम वितळून पुढच्या चित्रात सरकतं, पुन्हा थांबतं. 'लोणी' म्हणतात ते हेच. काही मंडळी यावर उपाय म्हणून सारख्या फ्रेम आधी काढून टाकतात आणि उरलेली चित्रं समान अंतरावर पसरवतात. म्हणजे मी दिलेल्या ६, ४, १ या सगळ्या वेळा पुसल्या गेल्या. दम धरणं गेलं, तिथे हात हळूहळू तरंगत राहतो. आणि एका फ्रेमेत निसटायला हवा असलेला स्मिअर ठाण मांडून बसतो. दोन्ही रस्ते चुकीचेच, कारण थांबणं ही सूचना होती हे सॉफ्टवेअरला ठाऊकच नाही. त्याला ती चूक वाटते.

"पण हे हाताने काढणाऱ्यांचं रडगाणं, कॉम्प्युटरला कुठे मेहनत पडते?" असं एका सहकाऱ्याने मला विचारलं. बरोबर आहे, थ्रीडीमध्ये मधल्या फ्रेम सॉफ्टवेअर फुकटात देतं. तरीही 'स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स' (२०१८) करणाऱ्यांनी त्या मुद्दाम नाकारल्या. जंगलात माइल्स आणि पीटर जाळ्यांवरून झोके घेत पळतात तो प्रसंग आठवा. मुरलेला पीटर वन्सवर आहे आणि नवशिका माइल्स टूजवर, एकाच दृश्यात. माइल्स अडखळतोय हे आपल्याला संवादाच्या आधी डोळ्यांनी कळतं. पुढे तो शिकतो तसा तोही वन्सवर येतो. त्या प्रसंगाला 'स्मूद' करणं म्हणजे माइल्सला आधीच सगळं येतं असं सांगणं.

टूज सगळीकडे चालतात असं मात्र मी म्हणणार नाही. पात्र चालतंय आणि कॅमेरा त्याच्याबरोबर सरकतोय, असा शॉट घ्या. पार्श्वभूमी प्रत्येक फ्रेमला ४ पिक्सेल मागे जाते, पण जमिनीवर टेकलेला पाय दोन फ्रेम जागचा हलत नाही आणि मग एकदम ८ पिक्सेल उडी मारतो. पाय बर्फावर असल्यासारखा थरथरतो. इथे पात्राला वन्सवर आणावं लागतं किंवा पार्श्वभूमीही दोन-दोन फ्रेमांनी सरकवावी लागते. वेगाने पडदा ओलांडणाऱ्या वस्तूचंही तसंच. लागोपाठची चित्रं एकमेकांपासून फार लांब पडली की वस्तू सरकण्याऐवजी लुकलुकते. तिथे वन्स लागतात, नाहीतर स्मिअर. आणि लांब होल्डमध्ये डोळ्यांची उघडझाप किंवा केसांची एखादी बटही हलली नाही, तर व्हिडिओ अडकला की काय असं वाटतं. आळशी काम ओळखायचं तर या जागा तपासा. फ्रेम मोजून ते ओळखता येत नाही.

खात्री करायला माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही. लॅपटॉपवर यूट्यूबवर आवडती मारामारी लावा, पॉज करा आणि पूर्णविरामाची कळ दाबत एकेक फ्रेम पुढे जा. चित्र कधी बदलतं ते मोजा. शांत संवादात तीन-तीन, चार-चार फ्रेम आणि फटक्याच्या जागी एक-एक, असं सापडलं तर समजा की कुणीतरी तिथे बसून हिशेब केलाय. संवादात वाचवलेली चित्रं त्याने फटक्यावर खर्च केलीत. आपल्या आया महिनाअखेरीचे पैसे सणासाठी राखून ठेवतात, त्याला आपण कंजुषी म्हणत नाही.

मग घरच्या टीव्हीच्या सेटिंगमध्ये जा आणि मोशन स्मूदिंग बंद करा. बऱ्याच टीव्हींवर ते आधीपासून चालूच असतं. आणि ग्रुपवर पुढची ६० एफपीएस क्लिप आली की मूळ क्लिप शेजारी लावून फक्त फटक्याची जागा बघा. नारळ कुठे फुटतो आणि कुठे नुसताच खाली येतो, ते तुमचं तुम्हालाच दिसेल.