टीव्हीचा लाल दिवा आणि बॉक्सची ऊब

वीजबिल वाढले की घरात पहिला संशय टीव्हीच्या लाल दिव्यावर येतो. रिमोटने बंद केलेला टीव्ही थोडी वीज घेतो हे खरे आहे, पण नवीन एलईडी टीव्हीसाठी ती साधारण अर्धा वॅट असते. खरा खर्च त्याच्या शेजारच्या सेट-टॉप बॉक्सचा आहे, असे माझे मत आहे.

रिमोटने बॉक्स बंद केला की बहुधा फक्त चित्र थांबते. आत सिग्नल घेणे आणि वाहिन्यांची यादी ताजी ठेवणे चालूच राहते. रात्रभर 'बंद' असलेल्या बॉक्सवर सकाळी हात ठेवून पाहा. तो कोमट लागला तर ती ऊब आपल्याच विजेची आहे.

हिशेब मांडू. बॉक्स १० वॅट घेतो आणि टीव्ही रोज चार तास चालतो असे धरले, तर उरलेल्या २० तासांत २०० वॅट-तास, म्हणजे महिन्याला ६ युनिट जातात. त्याच २० तासांत टीव्हीचा लाल दिवा महिन्याला जेमतेम पाव-अर्धा युनिट खातो.

महाराष्ट्रात महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटांनंतर वरच्या टप्प्याचा दर लागतो. ज्या घराचा वापर १०४ युनिट आहे, तिथे हे ६ युनिट वाचले तर आकडा ९८ वर येतो आणि महागडे चार युनिट बिलातून जातात. लहान घराला हा फरक जाणवतो.

राउटरचे गणित वेगळे आहे. तो ८ वॅटचा धरला तर रात्रीचे सात तास बंद ठेवून महिन्याला पावणेदोन युनिटही वाचत नाहीत. शिवाय घरात कॅमेरा त्यावर चालत असेल, लँडलाइन फायबरवरून येत असेल किंवा मोबाइलची रेंज नसल्याने फोन वायफायवरून लागत असेल, तर रात्री-अपरात्री तो लागतोच. घरात म्हातारी माणसे असतील तर राउटरला हात लावू नये. सगळे चार दिवस गावाला जाणार असतील आणि कॅमेरा नसेल, तर मात्र तो जरूर बंद करावा.

बॉक्स बंद करायलाही अडचणी आहेत. परत सुरू व्हायला त्याला एक-दोन मिनिटे लागतात. रात्री एखादा कार्यक्रम रेकॉर्ड करायचा असेल किंवा पडद्यावर अपडेट चालू असल्याचे दिसत असेल, तेव्हा वीज तोडू नये. बरेच दिवस बंद राहिला तर काही पैसे भरलेल्या वाहिन्या लगेच दिसत नाहीत. थोडा वेळ चालू ठेवावा लागतो किंवा कंपनीकडून पुन्हा सिग्नल मागवावा लागतो.

बटण बहुतेक घरांत कपाटामागे असते, म्हणून ते कोणी दाबत नाही. टीव्ही आणि बॉक्स एका एक्स्टेंशन बोर्डवर घ्या, बोर्ड हाताशी ठेवा आणि राउटर वेगळ्या सॉकेटला लावा. रात्री शेवटी झोपणाऱ्याने आधी रिमोटने दोन्ही बंद करावेत, मग बोर्डचे बटण दाबावे.